सूत्राने ४३६ रुपये, बाजारात ३०० रुपये: ठेव मोडून शेअर घ्यावा का?

प्रश्न: मी निवृत्त आहे, घरखर्चाचा मोठा भाग ठेवींच्या व्याजातून निघतो. एका कंपनीचा शेअर ३०० रुपयांना आहे. पाच वर्षांचा लाभांश असा: ८.५०, ९, ९.५०, १० आणि यंदा १२ रुपये (यातले २ रुपये जमीन विकल्यावर दिलेला विशेष लाभांश). वाढ वर्षाला ९ टक्के पडते. मला १२ टक्के परतावा हवा आहे. स्थिर वाढीच्या सूत्राने किंमत ४३६ रुपये येते. जमिनीचा नफा सोडून ईपीएस, म्हणजे एका शेअरमागचा नफा, २० रुपये आणि पुस्तकी मूल्य १६०. ७ टक्क्यांची ६ लाखांची ठेव मोडून हा शेअर घेऊ का?

उत्तर: ठेव मोडू नका. तुमच्या गणितात बेरीज-भागाकाराची चूक नाही, पण सूत्रात घातलेले दोन आकडे टिकणारे नाहीत.

सूत्र असं आहे: शेअरची किंमत = पुढच्या वर्षीचा लाभांश ÷ (अपेक्षित परतावा − लाभांशवाढीचा दर). तुम्ही १२ रुपयांवर ९ टक्के वाढ धरून १३.०८ काढले आणि त्यांना १२ वजा ९, म्हणजे ३ टक्क्यांनी भागलं. सगळा घोळ या ३ टक्क्यांत आहे. वाढ ९ ऐवजी ८ धरली तर किंमत ३२४ वर येते, १० धरली तर ६६० वर जाते. वाढीच्या अंदाजात एका टक्क्याचा फरक झाला की किंमत शंभर-दोनशे रुपयांनी हलते. दोन दरांमधलं अंतर ३-४ टक्क्यांच्या आत आलं की या सूत्राच्या उत्तरावर पैसे लावू नयेत. वाढ परताव्याच्या बरोबरीला किंवा वर गेली, तर सूत्र लागूच पडत नाही.

आता ते १२ रुपये पाहू. विशेष लाभांश एकदाच मिळतो, जमीन दरवर्षी विकली जात नाही. सूत्र मात्र तुम्ही दिलेला आकडा दरवर्षी वाढत कायम मिळणार असं धरून चालतं. म्हणून पाया १० रुपयांचाच. एक्सचेंजच्या संकेतस्थळावर कंपनीच्या 'Corporate Actions' मध्ये Interim, Final आणि Special अशा नोंदी वेगळ्या दिसतात, तिथून आकडे उचला. आर्थिक वर्षही जुळवून घ्या. अंतिम लाभांश वार्षिक सभेनंतर, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात हातात पडतो. बँक खात्यात जमा झालेल्या तारखांवरून बेरीज केली तर एका वर्षाचा अंतिम आणि पुढच्या वर्षाचा अंतरिम लाभांश एकत्र मोजला जातो. मधे बोनस किंवा विभाजन झालं असेल तर जुने आकडे त्या प्रमाणात कमी करावे लागतात.

पाया बदलला की वाढीचा दरही बदलतो. ८.५० वरून १२ ही चार टप्प्यांतली वाढ वर्षाला ९ टक्के पडते. पण ८.५० वरून १० मोजलं तर ती जेमतेम ४.१ टक्के आहे. म्हणजे तुमचे ९ टक्के जवळपास त्या २ रुपयांनीच तयार केलेत.

तरी मी ४.१ वरही थांबत नाही, कारण मागचा वेग म्हणजे पुढची क्षमता नव्हे. ती कंपनीच्या स्वतःच्या आकड्यांतून काढता येते. १६० रुपयांच्या पुस्तकी मूल्यावर कंपनी २० रुपये कमावते, म्हणजे भांडवलावर १२.५ टक्के. त्यातले १० रुपये वाटते आणि १० धंद्यात ठेवते. ठेवलेला निम्मा हिस्सा गुणिले १२.५ टक्के, म्हणजे बाहेरून पैसा न आणता सव्वासहा टक्के वाढ झेपते. मागची वाढ त्याहून कमी असल्यामुळे मी ६ च धरतो, आणि हासुद्धा उदार अंदाज आहे.

मग पुढचा लाभांश १०.६० रुपये, भागिले १२ वजा ६, म्हणजे ६ टक्के, उत्तर साधारण १७७ रुपये. वाढ ५ टक्के धरली तर १५०, ७ धरली तर २१४. एकच किंमत न धरता हा पट्टा डोळ्यांसमोर ठेवा. ३०० रुपये त्याच्या बरेच वर आहेत.

गणित उलटं करूनही पाहता येतं. १२ टक्के परतावा हवा आणि किंमत ३०० योग्य, असं मानलं तर लाभांश कायम सुमारे ८.४ टक्क्यांनी वाढायला हवा. १२.५ टक्के कमावणाऱ्या कंपनीला तेवढ्या वाढीसाठी नफ्याचा दोनतृतीयांश भाग धंद्यात ठेवावा लागेल. मग वाटायला २० पैकी ६.६७ रुपयेच उरतात. कमी लाभांश आणि ८.३३ टक्के वाढ घालून किंमत काढली तर ती १९७ येते. लाभांश १० रुपयांचा आणि वाढ ८.४ टक्क्यांची, दोन्ही एकाच नफ्यातून निघत नाहीत. एकट्या सूत्रात ही ओढाताण दिसत नाही. म्हणून वाढीचा दर नेहमी नफा आणि वाटप यांच्याशी पडताळावा.

याचा अर्थ शेअर वाईट आहे असा नाही. ३०० ला घेतला तर लाभांशाचे साडेतीन टक्के आणि वाढीचे ६, असा साडेनऊ टक्क्यांच्या आसपास परतावा अपेक्षित धरता येईल. तो ठेवीपेक्षा जास्त आहे, पण तुमच्या १२ पेक्षा कमी आहे आणि त्याची हमी नाही. शिवाय त्यातला मोठा भाग किमतीच्या वाढीत अडकलेला असेल, किराणा त्यातून भरता येणार नाही. ६ लाखांत २,००० शेअर येतील आणि नेहमीचा लाभांश वर्षाला २०,००० रुपये मिळेल. आज ठेव ४२,००० देते. दरमहा १,८०० रुपयांहून जास्त खड्डा पडेल, आणि तो तुमच्या घरखर्चात पडेल. करात सुटका नाही, कारण २०२० पासून लाभांश तुमच्याच उत्पन्नात धरला जातो आणि व्याजासारखाच स्लॅबने कर लागतो. ठेव मुदतीआधी मोडल्यावर कमी होणारं व्याज आणखी वेगळं.

घरखर्चात न लागणारे पैसे वेगळे असतील आणि साडेदहा टक्क्यांवर समाधान असेल, तर ६ टक्के वाढ धरून किंमत २३५ च्या आसपास येते. त्याच्या वर घेऊ नका, आणि एकाच कंपनीत जमेच्या पाच टक्क्यांहून जास्त घालू नका. पुढचा वार्षिक अहवाल आला की तीनच आकडे पाहा: विशेष लाभांश सोडून किती वाटलं, नफ्यातलं किती ठेवलं आणि भांडवलावर किती टक्के कमावलं. तिसरा आकडा १२.५ वरून १० वर घसरला, तर झेपणारी वाढ ५ टक्क्यांवर येते. नफाही त्याच मापाने घटून १६ रुपये होतो, निम्मा वाटला तर लाभांश ८ वर येतो, आणि १२ टक्क्यांच्या हिशेबाने किंमत १२० रुपये उरते.