सगळं लो ठेवूनही काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये फ्रेम का पडतात?

प्रश्न: जीटीएक्स 1650, आय5 10400एफ, 144 हर्ट्झचा मॉनिटर. काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये सगळं लो केलंय, तरी फायटमध्ये 90 एफपीएसवर येतंय आणि लांबचा माणूस दिसत नाही. शॅडो, टेक्स्चर, अँटी-एलियासिंग नक्की काय ठेवू?

भावा, राजारामपुरीतल्या एका गेमिंग कॅफेत मी दोन वर्षं हीच चूक केली. मशीन जवळपास तुझ्यासारखंच होतं. बसलो की पहिलं काम म्हणजे सगळं लो. पण या तीन सेटिंग मशीनचं तीन वेगवेगळ्या जागी खातात. ज्या जागी अडलंच नाही, तिथलं कमी करून हाताला काही लागत नाही.

म्हणून आधी अडतंय कुठं ते बघ. सेटिंगमध्ये Game खाली Telemetry आहे, तिथून फ्रेम टाइम आणि एफपीएस कायम दिसतील असं कर. 144 हर्ट्झला एक फ्रेम साधारण 6.9 मिलिसेकंदात यायला लागते. 90 एफपीएस म्हणजे 11 च्या पुढं. आता डस्ट 2 वर बॉट घेऊन पाच मिनिटं खेळ, मग रिझोल्यूशन 1920x1080 वरून 1280x960 कर आणि परत तसंच खेळ. पिक्सेल जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झाले. तरीही फायटमधला आकडा तेवढाच पडत असेल, तर ग्राफिक्स कार्डाचा दोष नाही, प्रोसेसर किंवा रॅम अडकलीय. माझं तसंच निघालं. चार-पाच जण एकदम फायरिंग करायला लागले की पडायचं, रिझोल्यूशन काहीही असो.

मग अँटी-एलियासिंग बंद ठेवून मी वाचवत काय होतो? काहीच नाही. ते काम कार्डाचं. 4x MSAA मध्ये प्रत्येक पिक्सेलमागे चार नमुने साठवायचे असतात, म्हणजे 1080p ला सुमारे 83 लाख. तो भार कार्डाच्या मेमरीवर पडतो, प्रोसेसरला त्याची फारशी झळ नाही. आणि तुझा लांबचा माणूस दिसत नाही, त्यातला मोठा वाटा इथंच आहे. डस्ट 2 च्या मिड डोअर्सच्या फटीतून लांबून बघ. अँटी-एलियासिंग नसेल तर दाराच्या कडा पायऱ्यापायऱ्यांसारख्या चमचमतात, आणि त्या चमचमीत पलीकडून पळणारा माणूस हरवतो. कडा स्थिर झाली की हलणारी गोष्ट एकच उरते. CMAA2 हलकं आहे, पण ते तयार चित्रातल्या कडा गुळगुळीत करतं. बारीक फटीचं नुकसान त्यानं पूर्ण भरून येत नाही.

एक अडचण मात्र आहे. स्मोक किंवा मोलोटोव्हनं अख्खी स्क्रीन भरली की कार्डावर खरा ताण येतो. फ्रेम तेव्हाच पडत असतील तर 4x वरून 2x वर ये. मी 2x वरच थांबलो. FidelityFX Super Resolution मात्र लावू नको. आकडा वाढतो, पण चित्र आतून लहान काढून मोठं केलेलं असतं, लांबचं डोकं म्हणजे एक धूसर ठिपका.

शॅडोचं प्रकरण वेगळं. सावली काढायला ती वस्तू पुन्हा एकदा, उजेडाच्या बाजूनं, काढावी लागते. त्यामुळं कार्डाबरोबर प्रोसेसरचंही काम वाढतं, म्हणजे तुझ्या दुखऱ्या जागीच. तरी Dynamic Shadows हे All वर ठेव. Sun Only केलंस तर खोलीतल्या दिव्यांनी पडणारी सावली गेली, आणि कोपऱ्याआडून माणसाच्या आधी त्याची सावली येते ही फुकटची बातमीही गेली. बचत करायची तर Global Shadow Quality मध्ये कर. हाय केल्यावर माझे फायटमधले फ्रेम स्पष्ट पडले. मीडियमला सावलीची कड जरा फाटकी दिसते, पण आपल्याला सावली आहे की नाही एवढंच कळायला पाहिजे, तिची कड मोजायची नाही.

टेक्स्चर मीडियम ठेव आणि विसर. जोवर कार्डाच्या 4 जीबीत मावतंय तोवर एफपीएसला फार फरक पडत नाही. मावलं नाही तर सरासरी चांगली दिसते, पण नवीन भागाकडं वळलं की क्षणभर अडखळतं. टास्क मॅनेजरमध्ये Dedicated GPU memory काठोकाठ भरलेली दिसली तर लो कर, पण त्याआधी मागं उघडा ठेवलेला ब्राउझर बंद कर. तोही त्याच मेमरीत हात घालतो.

आणि ते 90? कॅफेतल्या माझ्या मशीनचं कॅबिनेट उघडलं तर 8 जीबीची एकच रॅम स्टिक. शेजारी तशीच दुसरी लावली, दोन्ही ड्युअल चॅनेलमध्ये बसल्या, आणि त्याच फायटमध्ये आकडा 115 च्या आसपास राहायला लागला. सेटिंगमधलं एक बटणही न हलवता. तुझीही एकच असेल तर आधी ती बघ. घेताना मदरबोर्डवरचं कोणतं भोक दुसऱ्या चॅनेलचं आहे ते विचारून घे, नाहीतर दोन स्टिक लावूनही सिंगलवरच चालेल.