रखडलेल्या शिष्यवृत्तीबद्दल ट्रस्टला लिहिलेला मेसेज सुधारून द्याल का?

प्रश्न: मी हिंगोली जिल्ह्यातला, नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका ट्रस्टने ३०,००० रुपये मंजूर केलेत. पहिला हप्ता कॉलेजात भरला गेला, दुसरा फेब्रुवारीत माझ्या खात्यावर यायचा होता. एप्रिल लागला तरी नाही. हे पाठवू का? ‘आदरणीय सर, माझी स्कॉलरशिप अजून आली नाही. घरची परिस्थिती हलाखीची आहे, सोयाबीनही हातचं गेलं. आधार लिंक आहे. प्लीज लवकर टाका. नवीन खाते नंबर खाली देत आहे.’

उत्तर:

थांब, आत्ता पाठवू नकोस. मी लातूरला एका शैक्षणिक ट्रस्टच्या ऑफिसात सहा वर्षं हिशेब बघितलेत, त्या खुर्चीवरून सांगतो. असा मेसेज आला की पहिला प्रश्न पडायचा, हा पोरगा कोण? तुझ्या मेसेजमध्ये ना नाव आहे, ना मंजुरी पत्राचा क्रमांक. मग तो ‘नंतर बघू’मध्ये जातो.

सोयाबीनचं खरं असेल, पण तुझी परिस्थिती बघूनच मंजुरी दिली आहे. त्याऐवजी हॉस्टेलची फी कोणत्या तारखेपर्यंत भरायची ते लिही, त्याने काम हलतं. आधार लिंकचंही काढ. ते महाडीबीटीच्या सरकारी पैशाला लागतं. ट्रस्ट खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकून एनईएफटी करतं.

सगळ्यात घातक शब्द म्हणजे ‘नवीन खाते’. अर्जात एक नंबर आणि मेसेजमध्ये दुसरा दिसला की हिशेबनीस पैसे थांबवतोच. भलत्याच माणसाने विद्यार्थ्याच्या नावाने नंबर कळवला, तर पैसे त्याच्या घशात जातील ना! खातं खरंच बदललं असेल तर सही केलेला वेगळा अर्ज आणि बँकेच्या शिक्क्याचं पासबुकाचं पहिलं पान, दोन्ही दे.

पण आधी जुन्या खात्यात काय बिघडलंय ते बघ. पहिला हप्ता कॉलेजला गेला, म्हणजे तुझं खातं अजून वापरलंच गेलेलं नाही, चूक असली तर ती आत्ता उघडी पडणार. आमच्याकडे एका मुलीने शाळेत असताना काढलेल्या स्टेट बँक ऑफ हैदराबादच्या पासबुकाची झेरॉक्स लावली होती. ती बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. झेरॉक्सवर SBHY ने सुरू होणारा जुना कोड, आता लागतो SBIN चा. आमच्याकडून पैसे गेलेच नाहीत, आणि तिला वाटत राहिलं ट्रस्ट टाळतंय. कोड ११ अक्षरांचा असतो आणि पाचवं अक्षर शून्य असतं, तिथे इंग्रजी ओ लिहिणारेही खूप. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं, तेही शाखेत विचार. आणि पासबुकात एन्ट्री मारून घे. एसएमएस आला नाही म्हणजे पैसे आले नाहीत, असं नसतं.

दुसरं, मंजुरी पत्रातल्या अटी पुन्हा वाच. बहुतेक ठिकाणी मागच्या सत्राची गुणपत्रिका आणि बोनाफाईड दिल्याशिवाय दुसरा हप्ता सुटत नाही. आमचे रखडलेले हप्ते बहुधा इथेच अडकलेले असत, आणि पोरांना वाटायचं कागद कॉलेजनेच पाठवले असतील.

हे झालं की असं लिही. तारखा आणि क्रमांक तुझे टाक:

‘विषय: शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता, मंजुरी पत्र क्र. __, दि. __

मा. कार्यवाह महोदय, स. न.

मी (पूर्ण नाव, अर्जात जसं आहे तसं), दुसरे वर्ष इंजिनिअरिंग, (कॉलेज), नांदेड. वरील पत्राने मला ३०,००० रुपये दोन हप्त्यांत मंजूर झाले. पहिला हप्ता १५,००० रुपये दि. __ रोजी कॉलेजकडे जमा झाला, त्याबद्दल आभारी आहे. फेब्रुवारीचा दुसरा हप्ता १५,००० रुपये दि. __ पर्यंतच्या पासबुक नोंदीनुसार जमा झालेला नाही.

गुणपत्रिका व बोनाफाईड दि. __ रोजी दिले आहेत, प्रती पुन्हा जोडल्या आहेत. अर्जातील खातेच कायम आहे: खातेदार __, बँक व शाखा __, खाते क्र. __, आयएफएससी __. पासबुकाचे पहिले पान जोडले आहे.

रक्कम पाठवली असल्यास तारीख व यूटीआर क्रमांक कळवावा, परत आली असल्यास कारण कळवावे, आणि कागद कमी असल्यास तोही सांगावा. हॉस्टेल फीची मुदत दि. __ आहे.

आपला विश्वासू, (नाव, मोबाईल)’

आयएफएससी चुकला होता असं निघालं तर ‘कायम आहे’च्या पुढे ‘फक्त आयएफएससी बदलला आहे’ हे स्पष्ट लिही, गुपचूप दुरुस्त करू नकोस. पासबुकावर नाव ‘आडनाव आधी’ असेल तर तसंच उतरव.

अर्जात दिलेल्या ईमेलवरूनच पाठव. विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खाते क्रमांक टाकू नकोस, आणि ‘स्कॉलरशिप सोडतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर सरळ ठेवून दे. पैसे जमा करायला ओटीपी लागत नाही.

३१ मार्चला ट्रस्टचं वर्ष संपतं, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हिशेबवाला वहीतून मान वर काढत नाही. आठ-दहा दिवस दे, मग सकाळी अकराच्या सुमारास फोन कर आणि मंजुरी क्रमांकापासूनच बोलायला सुरुवात कर. ‘पाठवलेत’ म्हणाले तर यूटीआर घेऊन शाखेत जा, त्यावरून पैसे कुठे आहेत ते बँकेला शोधता येतं.