पाइपची गणितं: आधी दोन बिंदू ठरव

तुझी वही पाहिली. बर्नूली तुला येतो, फक्त तो कुठून कुठे लावायचा तेच ठरत नाहीये. आकृतीत १ आणि २ मांडल्याशिवाय सूत्र लिहू नकोस.

समज, टाकीतली पाण्याची पातळी नोझलपेक्षा 5 मीटर वर आहे. खाली 20 मीटर लांब, 50 मिमी व्यासाचा पाइप आणि टोकाला 25 मिमीचं नोझल. बिंदू १ टाकीच्या पृष्ठभागावर घे, बिंदू २ नोझलबाहेरच्या धारेत. दोन्हीकडे वातावरणाचाच दाब, म्हणून गेज दाब शून्य. टाकी मोठी, म्हणून वरचा वेगही शून्य धर. अर्धं समीकरण तिथेच गळून पडतं!

आता सातत्य. व्यास निम्मा म्हणजे क्षेत्रफळ पाव, म्हणून धारेचा वेग पाइपमधल्या वेगाच्या चौपट. दुप्पट नव्हे, सगळ्यांचा पाय इथेच घसरतो (माझाही घसरला होता).

पाइपचा घर्षण गुणांक f = 0.02 घेतला तर fL/D = 8, त्यात प्रवेशाच्या तोट्याचा 0.5 मिळव. नोझलमधला तोटा सध्या सोड. पाइपमधला वेग v धरून:

```
5 = (4v)²/2g + 8.5 v²/2g
```

v = 2 मी/से, धार 8 मी/से, प्रवाह सेकंदाला सुमारे 3.9 लिटर.

दोन चुका टाळ:
- घर्षणात पाइपचाच वेग घाल, धारेचा नाही.
- धारेची गतिज ऊर्जा धरलीस तर वर निर्गम तोटा जोडू नकोस. तीच ऊर्जा दोनदा मोजली जाते.

उत्तर परत समीकरणात घाल: 3.26 + 1.73, म्हणजे जवळपास 5. f काढायचा मूडी तक्ता नंतर पाहू.