पाचचे वर्ग आणि चारच्या पटीतले ठोके

प्रश्न: ४० जणांच्या नाडीचे ठोके मोजले, पाच-पाचचे वर्ग पाडले, तर आयतालेखात तीन उंचवटे आले. गटात खरंच तीन प्रकारची माणसं आहेत का? मोजलेल्या आकड्यांचा कागद सोबत जोडला आहे.

माणसं एकाच प्रकारची आहेत, उंचवटे तुमच्या वर्गांनी तयार केलेत. कागदावरचे आकडे मी आधी चढत्या क्रमाने लावले. प्रत्येक आकडा किती वेळा आला तेही लिहिलं:

| ठोके (मिनिटाला) | ५६ | ६० | ६४ | ६८ | ७२ | ७६ | ८० | ८४ | ८८ | ९२ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| किती जण | १ | ३ | ५ | ७ | ८ | ६ | ४ | ३ | २ | १ |

या यादीत ७० नाही, ७५ नाही, ८१ही नाही. एकूण एक आकडा चारच्या पटीतला आहे. म्हणजे तुम्ही १५ सेकंद ठोके मोजले आणि चारने गुणलं. त्यात चूक काही नाही, सगळे तसंच करतात. पण मग तुमची मोजपट्टी एका ठोक्याची उरली नाही, ती चार ठोक्यांची झाली. मनगटावर मोजताना एक ठोका कमी-जास्त झाला की कागदावर चारचा फरक पडतो.

आता या चारच्या खुणांवर पाचचे वर्ग ठेवून पाहा. ६० ते ६५ या वर्गात ६० आणि ६४ असे दोन आकडे मावतात. ६५ ते ७० मध्ये एकटा ६८, ७० ते ७५ मध्ये ७२, ७५ ते ८० मध्ये ७६. मग ८० ते ८५ मध्ये पुन्हा दोन, ८० आणि ८४. दर चार वर्गांनंतर एका वर्गाला दुप्पट वाटा मिळतो. म्हणून तुमची सारणी १, ८, ७, ८, ६, ७, २, १ अशी आली. पहिला आणि तिसरा उंचवटा हा त्या दुप्पट वाट्याचा आहे. मधला तेवढा खरा, कारण तिथे मुळातच जास्त माणसं आहेत.

उपाय सोपा आहे. वर्गाची रुंदी मोजपट्टीच्या पटीत घ्यायची, म्हणजे इथे ४ किंवा ८. आणि सीमा अशा जागी ठेवायची जिथे एकही आकडा पडूच शकत नाही. ६० आणि ६४ यांच्या मधोमध ६२ आहे, ती जागा उत्तम. ५४ पासून आठ-आठचे वर्ग पाडले की असं दिसतं:

| वर्ग | वारंवारता |
|---|---|
| ५४–६२ | ४ |
| ६२–७० | १२ |
| ७०–७८ | १४ |
| ७८–८६ | ७ |
| ८६–९४ | ३ |

एकच उंचवटा, उजवीकडे जरा लांब शेपूट. हा आकार तरी खरा कशावरून, अशी शंका यायला हवी. तपासायला सुरुवातीची जागा हलवा. ५४ ऐवजी ५० पासून आठचे वर्ग पाडले तर १, ८, १५, १०, ५, १ येतात. आकडे बदलले, उंचवटा मात्र एकच राहिला. सुरुवात सरकवल्यावर जो उंचवटा गायब होतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

तुम्ही पाचवर कसे पोचलात याचा अंदाज आहे. स्टर्जेस यांनी १९२६ मध्ये मांडलेला नियम आहे, `k = 1 + log2(n)`. ४० नोंदींसाठी तो ६.३ देतो, म्हणजे वर घेऊन ७ वर्ग. सर्वांत मोठा आकडा ९२, सर्वांत लहान ५६, फरक ३६. त्याला ७ ने भागलं की साधारण ५.१. झाले पाच! नियम वाईट नाही, पण त्याला फक्त नोंदींची संख्या कळते. त्या नोंदी कशा मोजल्या हे त्याला ठाऊक नसतं. ते कागद पाहून आपणच ठरवायचं.

प्रश्न: ताळ्याच्या खुणा करून बेरीज घेते तेव्हा कधी ३९ येते, कधी ४१. नक्की कुठे चुकतं?

तुम्ही बहुधा एकेक वर्ग धरून पूर्ण यादी चाळता. ‘आता ६२ ते ७० वाले शोधू’ असं म्हणून सगळे आकडे, मग पुढच्या वर्गासाठी पुन्हा सगळे. पाच वर्ग म्हणजे पाच फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत एखादा आकडा निसटायची किंवा दोनदा धरला जायची संधी.

उलट करा. यादीतला पहिला आकडा घ्या, त्याचा वर्ग शोधा, तिथे उभी रेघ मारा, यादीतल्या आकड्यावर बारीक टिंब द्या आणि पुढे चला. चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी. यादी एकदाच संपते.

एक सावधगिरी. बेरीज ४० आली म्हणजे सारणी बरोबर, असं नाही. ७०–७८ च्या वर्गात जायचा ७६ चुकून ७८–८६ मध्ये गेला तरी बेरीज ४०च राहते. म्हणून मी दुसरी मोजणी यादीच्या शेवटापासून उलटी करतो. त्याच क्रमाने पुन्हा मोजलं की डोळा तीच चूक तिथेच करतो, निदान माझा तरी.

प्रश्न: तीच यादी स्प्रेडशीटमध्ये आणि पायथनमध्ये टाकली. दोन्हीकडे वर्ग पाच-पाचचेच, तरी वारंवारता वेगळ्या. कोण खोटं बोलतंय?

दोघंही खरं बोलतात, सीमेवरच्या आकड्याबद्दल त्यांचा करार वेगळा आहे. वहीत असमाविष्ट पद्धतीने ६०–६५, ६५–७० असे वर्ग लिहिताना आपण ठरवलेलं असतं की ६५ हा पुढच्या वर्गात जाईल, खालची मर्यादा आत आणि वरची बाहेर. पायथनमधलं `np.histogram` तसंच वागतं, फक्त शेवटच्या वर्गाची वरची मर्यादाही ते आत धरतं. स्प्रेडशीटमधलं `FREQUENCY` उलट वागतं. तुम्ही दिलेला आकडा त्याला वरची मर्यादा वाटतो आणि त्या मर्यादेइतकी नोंद तो त्याच वर्गात मोजतो. त्यामुळे ६० खालच्या वर्गात जातो आणि ८० सुद्धा.

वरच्याच ४० नोंदी घेऊन पाहा. पायथनच्या पद्धतीने १, ८, ७, ८, ६, ७, २, १. स्प्रेडशीटच्या पद्धतीने ४, ५, ७, ८, १०, ३, २, १. पहिल्या चित्रात तीन उंचवटे होते, दुसऱ्यात एकच आहे आणि तोही ७५–८० वर, जिथे मुळात सर्वाधिक माणसं नाहीतच. ६० वरचे तिघं आणि ८० वरचे चौघं, या सात नोंदींनी कुंपण ओलांडलं एवढंच घडलं.

कुठला करार बरा यावर वाद घालण्यापेक्षा सीमाच अशा निवडा की वादाला जागा उरणार नाही:

```python
import numpy as np
# naadi: ४० नोंदींची यादी
f, seema = np.histogram(naadi, bins=np.arange(54, 95, 8))
print(f, f.sum())
```

५४, ६२, ७० यांपैकी काहीही चारच्या पटीत नाही. त्यामुळे याच मर्यादा `FREQUENCY` ला दिल्या तरी दोन्ही टोकांची शून्यं सोडली तर उत्तर ४, १२, १४, ७, ३ हेच. `f.sum()` मुद्दाम छापला आहे. पहिल्या सीमेच्या खालचे आणि शेवटच्या सीमेच्या वरचे आकडे पायथन कुरकुर न करता गाळून टाकतं, ते बेरजेतच कळतं.

प्रश्न: वयाचे वर्ग २०–२४, २५–२९ असे घेतले. आयतालेखात फटी दिसू नयेत म्हणून प्रत्येक मर्यादेत अर्धा कमी-जास्त करायचा असं शिकलो होतो. म्हणजे १९.५–२४.५. बरोबर ना?

उंचीसाठी, वजनासाठी बरोबर. वयासाठी नाही. अर्धा कमी-जास्त करण्यामागे एक गृहीत आहे, की लिहिलेला आकडा जवळच्या पूर्णांकात आणलेला आहे. १६४ सेंटिमीटर लिहिलं म्हणजे खरी उंची १६३.५ ते १६४.५ च्या दरम्यान. वय आपण तसं सांगत नाही. चोवीस वर्षं अकरा महिन्यांचा माणूसही ‘चोवीस’च सांगतो. म्हणून २०–२४ या समाविष्ट वर्गाची खरी हद्द २० पासून २५ च्या आधीपर्यंत आहे, आणि आयत २० ते २५ असाच काढायचा.

चित्रात हा फरक क्षुल्लक दिसतो. पण वर्गमध्य घेऊन सरासरी काढली की बाहेर येतो. १९.५–२४.५ चा वर्गमध्य २२, आणि २०–२५ चा २२.५. प्रत्येक वर्ग अर्ध्या वर्षाने मागे सरकतो, त्यामुळे सरासरीही बरोब्बर अर्ध्या वर्षाने कमी येते.

प्रश्न: शेवटचा वर्ग अगदीच बारका होता म्हणून त्याच्या आधीच्या वर्गात मिसळला. आता तो आयत अवाढव्य दिसतो.

उंची वारंवारतेएवढीच ठेवलीत ना? आयतालेखात वारंवारता क्षेत्रफळात असते. वर्ग सारखे असताना उंची आणि क्षेत्रफळ एकाच प्रमाणात राहतात, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही.

ठोक्यांच्या सारणीतले ७८–८६ आणि ८६–९४ एकत्र केले तर ७८–९४ मध्ये १० नोंदी. उंची १० काढली तर शेजारच्या १४ च्या आयताशेजारी हा दुप्पट रुंद आयत उभा राहतो आणि डोळ्याला त्याचाच भार जास्त वाटतो. उंची वारंवारता भागिले रुंदी अशी घ्या. ७०–७८ साठी १४ ÷ ८ = १.७५, ७८–९४ साठी १० ÷ १६ = ०.६२५. उभ्या अक्षावर मग ‘जण’ लिहू नका, ‘दर ठोक्यामागे जण’ लिहा.

‘८६ आणि त्याहून अधिक’ असा उघडा वर्ग सारणीत चालतो. आयतालेखात मात्र त्याला रुंदीच नाही, त्यामुळे उंचीही काढता येत नाही. सर्वांत मोठी नोंद ९२ आहे हे माहीत असताना तो वर्ग ९४ वर बंद करायला हरकत कसली?