‘डायनॅमिक’ काढ, काम लिही

तुझा लिंक्डइनवरचा सारांश वाचला. ‘रिझल्ट-ओरिएंटेड, डायनॅमिक टीम प्लेअर, इन्व्हेंटरी ऑप्टिमायझेशनमध्ये सिद्ध कौशल्य.’ हे वाक्य माझ्या नावाखाली टाकलं तरी खपेल, आणि मी आयुष्यात गोदाम पाहिलेलं नाही!

प्रत्येक शब्दाला विचार: म्हणजे मी नेमकं काय केलं? ‘टीम प्लेअर’ला उत्तरच मिळालं नाही, तर सरळ खोड. ‘ऑप्टिमायझेशन’ला मात्र मिळेल. परवा तूच सांगितलंस ते असं लिही:

“मी औषधांच्या गोदामाचा साठा सांभाळतो. मुदत संपत आलेला माल आधी बाहेर जावा म्हणून मी रॅकची मांडणी बदलली. पूर्वी महिन्याला साधारण ४० खोकी मुदतबाह्य व्हायची, आता १०-१२ होतात.”

आकडा नोंदवहीतून काढ. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. मालकांना तो बाहेर सांगणं चालणार नसेल तर ‘निम्म्याहून कमी’ म्हण. मांडणी दोघांनी मिळून बदलली असेल तर ‘आम्ही’ लिही आणि तुझा वाटा वेगळा सांग.

हा भाग अगदी वर ठेव. तिथे २,६०० अक्षरं मावतात, पण न उघडता पहिल्या दोन-चार ओळीच दिसतात. शेवटी मोठ्याने वाच. जिथे बोलताना अडखळशील, तिथे जुना शब्द उरलाय.