पालकसभेसाठी निकालाच्या स्लाइड्स: टक्क्यांऐवजी मुलं मोजून दाखवा

प्रश्न: सोलापुरात शाळेत शिक्षक आहे. वार्षिक निकालाची पालकांसाठी पीपीटी मुख्याध्यापकांना करून द्यायची आहे. मागच्या वर्षीपेक्षा निकाल सुधारलाय, तो आलेखात ठळक कसा दाखवू?

उत्तर: सुधारलाय का, ते आधी बघा. समजा नववीच्या तुकडीत दोन्ही वर्षी ४० मुलं. गणितात गेल्या वर्षी ३७ पास, यंदा ३८. म्हणजे ९२.५ वरून ९५ टक्के, पण फरक एका मुलाचा. एक्सेल असे जवळजवळचे आकडे दिसले की उभा अक्ष बहुतेक वेळा शून्याऐवजी वरूनच सुरू करतं. तो ९० पासून निघाला तर यंदाचा स्तंभ थेट दुप्पट दिसतो. अक्षावर राइट-क्लिक करून Format Axis मध्ये Minimum ० आणि Maximum १०० टाका, फुगवटा लगेच उतरेल.

आता त्याच मुलांचे चार गट करा. गेल्या वर्षी ३५ च्या खाली ३, ३५ ते ६० मध्ये १५, ६० ते ८० मध्ये १४ आणि ८० च्या वर ८. यंदा तेच २, २१, १२ आणि ५. पास वाढले, पण वरच्या दोन गटांतली मुलं कमी झाली. पालकांना कळायला हवं ते हे, आणि पासची टक्केवारी नेमकं तेच झाकते.

गुण D2 ते D41 मध्ये असतील तर ३५ ते ६० चा गट मोजायला:

```
=COUNTIFS(D2:D41,">=35",D2:D41,"<60")
```

इथे "<60" च्या जागी "<=59" लिहू नका, ५९.५ वाला कुठल्याच गटात येत नाही. गैरहजर मुलाला ० टाकलं तर तो नापासात मोजला जातो, म्हणून तिथे "गैर" लिहा. चार गट आणि गैरहजर मिळून ४० भरले पाहिजेत.

आलेख Stacked Bar घ्या: एका स्लाइडवर एक विषय, दोन आडव्या पट्ट्या, प्रत्येक तुकड्यावर मुलांची संख्या. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी अ-१ पासून इ-२ पर्यंतच्या नऊ श्रेणी पट्टीत कोंबू नका, त्या प्रगतिपुस्तकात असतातच. आपल्याकडे घरी तेलुगू-कन्नड बोलणारे पालक बरेच, त्यांना "२१ मुलं" हे वाक्यापेक्षा लवकर कळतं. रंग एकाच निळ्याच्या गडद-फिक्या छटा ठेवा. लाल-हिरव्यातला फरक काहींना दिसतच नाही. पण अगदी फिकी छटा नको, मे महिन्याच्या उजेडात प्रोजेक्टरवर ती पांढरीच दिसते.

एक अडचण राहते: गेल्या वर्षीची नववी म्हणजे वेगळी मुलं. याच मुलांचे आठवीचे गुण हाताशी असतील तर तुलना त्यांच्याशी करा, आणि पट्टीशेजारी "हीच मुलं, आठवीत" असं लिहा. पेपर वेगळा होता हे मुख्याध्यापकांनी तोंडी सांगावं.

सर कदाचित म्हणतील, ९५ टक्के पहिल्या स्लाइडवर हवेतच. ठेवा, पण शेजारी "४० पैकी ३८" असू द्या. नापास दोघांची नावं किंवा हजेरी क्रमांक मात्र कुठल्याही स्लाइडवर नकोत.