फॉर्म भरण्याआधी कागद जुळवायला शिका

«नवऱ्याच्या किराणा दुकानात एक टेबल टाकून प्रिंट, झेरॉक्स आणि सरकारी योजनांचे फॉर्म भरून द्यायचं काम सुरू करतेय. मराठी टायपिंग येतं. अजून काय शिकू, आणि प्रिंटर कुठला घेऊ?»

ताई, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी सात वर्षं हेच काम करते. आधी घराच्या पुढच्या खोलीत करायचे, आता एसटी स्टँडजवळ छोटा गाळा आहे. टायपिंग येतं म्हणता, तर फॉर्म भरणं तुम्हाला आठ दिवसांत जमेल. खरं काम त्याच्या आधी असतं. समोरच्या माणसाचे कागद एकमेकांशी जुळतात का आणि पैसे नेमके कुठल्या खात्यात पडणार, या दोन गोष्टी आधी बघायला शिका. माझ्याकडे दुसरीकडून बिघडून आलेले जे फॉर्म येतात, त्यातले बहुतेक या दोन्हींपैकी एकीवर अडलेले असतात.

आधी नावाचं सांगते, कारण यात मी स्वतः एका मुलीचं नुकसान करता करता राहिले. तिला स्कॉलरशिपसाठी वडिलांच्या नावे उत्पन्नाचा दाखला हवा होता. आडनाव काळे. आपले सरकारच्या पोर्टलवर नाव इंग्रजीत टाकलं की शेजारच्या चौकटीत मराठी नाव आपोआप येतं. मी Kale टाकलं, तिथे ‘काले’ आलं. दुकानात चार माणसं उभी होती, मी तसंच पुढे गेले. पंधरा दिवसांनी दाखला आला, त्यावर ठळक ‘काले’. जातीच्या दाखल्यावर ‘काळे’. कॉलेजच्या स्कॉलरशिप टेबलावरून फॉर्म परत. एकदा तहसीलमधून डिजिटल सही होऊन आलेल्या दाखल्यात आपल्याला अक्षर बदलता येत नाही, नवीन अर्ज करावा लागतो. पुन्हा तलाठ्याचा अहवाल, पुन्हा फी, पुन्हा वाट बघणं. ती फी मी माझ्या खिशातून भरली. कॉलेजने मुदतीच्या शेवटच्या दिवशी तिचा फॉर्म घेतला, पण ते अठरा दिवस ती रोज संध्याकाळी दुकानात येऊन ‘आला का हो दाखला?’ विचारायची, ते मी विसरले नाही.

इंग्रजीत ळ नाही, हे या कामात रोज आठवावं लागतं. माळी, काळे, पोळ, बाळू, कमळ, सगळ्यांचा ल होतो. माळ्याच्या दाखल्यात ‘माली’ झालं तर नुसतं आडनावच नाही, जातसुद्धा चुकलेली दिसते. म्हणून मराठी चौकट प्रत्येक वेळी हाताने तपासायची. इंग्रजी बरोबर आहे म्हणून मराठी बरोबर असेल असं धरायचं नाही.

आता मी काय करते ते सांगते. माणूस आला की कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी आधार, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचं पासबुक आणि रेशनकार्ड टेबलावर शेजारी शेजारी ठेवते. एका कोऱ्या कागदावर प्रत्येकावरचं नाव जसंच्या तसं एकाखाली एक लिहून काढते. समजा आधारवर ‘सुनिता बाळू माने’, शाळेच्या दाखल्यावर ‘सुनीता दगडू शिंदे’ आणि पासबुकावर ‘Sunita B Mane’. सुनिता-सुनीता यातल्या ऱ्हस्व-दीर्घाने सहसा काही अडत नाही. माहेरचं नाव आणि सासरचं नाव हा फरक मात्र अडवतो. तिथे लग्नाचं प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जोडावं लागतं, आणि ते नसेल तर आज फॉर्म भरायचा नाही असं मी स्पष्ट सांगते. बाई खट्टू होते, कधी दुसऱ्या दुकानात जाते. जाऊ दे. नाव न जुळता भरलेला अर्ज अडकला की ती पुन्हा आपल्याकडेच येते, आणि तोवर मुदत गेलेली असते.

जन्मतारखेचंही तसंच. वयस्कर माणसांच्या आधारवर पुष्कळदा १ जानेवारी असतं, कारण तेव्हा नक्की तारीख कुणाला माहीत नव्हती. अर्जात तारीख आधारवरचीच टाकायची. लाडकी बहीणसारख्या योजनेत वयाची अट २१ ते ६५ आहे, तिथे एका वर्षाचा फरकही पात्र-अपात्र ठरवतो. आधारवरची तारीखच चुकीची असेल तर आधी ती आधार केंद्रावर दुरुस्त होऊ द्या. ते काम तुमच्या टेबलावर होणार नाही. घरबसल्या ऑनलाइन आपण आधारचा पत्ता बदलू शकतो. नाव आणि जन्मतारखेसाठी माणसाला केंद्रावर पाठवा.

दुसरी गोष्ट पैशांची. फॉर्ममध्ये खाते क्रमांक भरला म्हणजे पैसे त्याच खात्यात येणार असं लोक धरून चालतात. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे आधारवर जातात. आधार शेवटचं ज्या बँकेला डीबीटीसाठी जोडलं गेलंय, त्या बँकेत पडतात. माझ्या शेजारच्या गल्लीतल्या एका मावशींनी लाडकी बहीणचा फॉर्म भरला, जिल्ह्याच्या ठिकाणच्या बँकेचं पासबुक जोडलं. गल्लीतल्या बायकांचे पैसे आले, त्यांचे नाहीत. दोन महिने त्या पासबुक भरून आणत होत्या. मी त्यांच्या आधारने लॉगिन करून बघितलं तर सीडिंग, म्हणजे डीबीटीसाठी आधारची जोडणी, भलत्याच बँकेत! तीन-चार वर्षांपूर्वी कुणीतरी दारात येऊन, अंगठा घेऊन खातं उघडून गेलं होतं, त्यांना आठवतही नव्हतं. पैसे तिथे वेळेवर जमा होत होते.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. myaadhaar.uidai.gov.in वर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून लॉगिन करायचं आणि Bank Seeding Status उघडायचं. तिथे बँकेचं नाव दिसतं आणि Active आहे की Inactive ते दिसतं. खाते क्रमांक दिसत नाही, म्हणून एकाच बँकेत दोन खाती असतील तर शाखेत विचारावं लागतं. बँक बदलायची असेल तर माणसाला हव्या त्या बँकेच्या शाखेत पाठवताना एका चिठ्ठीवर लिहून देते: ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचे आहे’. नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हटलं की काउंटरवरून उत्तर येतं, ‘लिंक आहे की’. ते खोटं नसतं, कारण केवायसीसाठी आधार खात्याला जोडलेलं असतं. पण केवायसीचं जोडणं वेगळं आणि डीबीटीचं सीडिंग वेगळं. चार-आठ दिवसांनी पुन्हा त्याच पानावर बँकेचं नाव बदललं का बघायचं आणि मगच फॉर्म भरायचा. मुदत जवळ असेल तर फॉर्म आधी भरा, पण सीडिंगचं काम बाकी आहे हे पावतीच्या मागे लिहून द्या.

यासाठी आधारला मोबाइल जोडलेला लागतो. नंबर बंद पडलेला असेल तर आधार केंद्रावर जाऊन नवीन जोडता येतो, त्याला कुठलाही कागद लागत नाही, माणूस स्वतः लागतो. आणि एक कळकळीने सांगते: कुणाच्याही अर्जात तुमचा मोबाइल नंबर टाकू नका. म्हाताऱ्या माणसांचं काम सोपं करायला म्हणून मीही सुरुवातीला टाकायचे. पुढे त्या अर्जाचा प्रत्येक ओटीपी, प्रत्येक त्रुटीचा मेसेज तुमच्याकडे येतो, आणि तुम्ही माहेरी गेलात की त्या माणसाचं काम ठप्प होतं. पासवर्ड त्यांच्याच वहीत त्यांच्यासमोर लिहून द्या.

उत्पन्नाच्या आकड्याबद्दलही ठाम राहा. ‘कमी टाका की ताई’ असं रोज कुणीतरी म्हणेल. आकडा तलाठ्याच्या अहवालात आहे तोच टाकायचा. खाली स्वयंघोषणापत्रावर सही त्या माणसाची असते, खोटं निघालं तर अडकतो तो. दाखला एक वर्षाचा हवा की तीन वर्षांचा, हेही आधी विचारा. नॉन क्रिमीलेअरला तीन वर्षांचं उत्पन्न लागतं आणि लोक एक वर्षाचा घेऊन येतात. दाखल्यावर मुदत छापलेली असते, बहुधा ३१ मार्चपर्यंतची, तीही वाचा.

स्कॅनिंगला फार वेळ घालवू नका, पण मापं पाठ करा. आपले सरकारवर फोटो ५ ते २० केबी, रुंदी १६० पिक्सेल आणि उंची २०० ते २१२ पिक्सेल. कागदपत्रं ७५ ते ५०० केबी. फाइल लहान केल्यावर ती पूर्ण आकारात उघडून शिक्का आणि सही वाचता येते का बघा. तुम्हाला वाचता आली नाही तर तहसीलच्या कारकुनालाही येणार नाही, आणि अर्ज ‘कागद अस्पष्ट’ म्हणून परत येईल.

सबमिट करायच्या आधी मी प्रीव्ह्यूची प्रिंट काढते आणि मोठ्याने वाचून दाखवते. वाचता न येणारी माणसं ऐकताना चूक बरोबर पकडतात. ‘अगं, माझ्या सासऱ्यांचं नाव दगडू नाही, धोंडू!’ असं तिथेच कळतं. त्या प्रिंटचे पैसे वेगळे घेत नाही. सबमिट झालं की अर्ज क्रमांकाची पावती त्यांना देते, क्रमांक, तारीख आणि योजना माझ्या रजिस्टरात लिहिते. आधारची झेरॉक्स मात्र ठेवून घेत नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना Downloads रिकामं करते, आणि कुणाचं व्हॉट्सॲप उघडं राहिलं असेल तर लॉगआउट करते.

दुकानावर ‘आपले सरकार सेवा केंद्र’ असा बोर्ड लावू नका. त्याला जिल्हा प्रशासनाची मंजुरी लागते. तोवर अर्जदाराच्या स्वतःच्या लॉगिनमधून भरून द्या आणि फक्त तुमच्या मेहनतीचे पैसे घ्या. सरकारी फी वेगळी आणि तुमची वेगळी, दोन्ही भिंतीवर लिहून लावा.

प्रिंटरचं म्हणाल तर काळा-पांढरा लेझर घ्या, स्कॅनर असलेला. मी आधी इंक टँक घेतला होता. रंगीत फोटोला छान, पण पावसाळ्यात ओल्या पिशवीतून अर्ज तहसीलला पोचेपर्यंत शाई पसरायची. शिवाय सुट्टीत आठ दिवस बंद राहिला की हेड जाम. लेझरची प्रिंट पाण्याला टिकते. किराणा दुकानात पिठाची धूळ उडते, म्हणून टेबल गिरणीच्या आणि वजनकाट्याच्या बाजूला नको, आणि रात्री त्यावर जुनी चादर टाकत जा. रंगीत प्रिंटर पहिल्या वर्षी घेऊ नका, पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक वाढलं की मग बघा.